सहा ओळींची पाटी

[दृश्य : तालुक्याच्या गावातली शाळा. नव्या इमारतीचा व्हरांडा. जिन्याशेजारची रिकामी, नुकतीच रंगवलेली भिंत.]

निवेदन :
ही देणगीदारांची भिंत. अजून एकही पाटी लागलेली नाही. संस्थेनं प्रत्येक पाटीसाठी एकच माप ठरवलंय, बारा इंच रुंद आणि आठ इंच उंच. पहिल्या पाटीचा मजकूर आज पक्का व्हायचा आहे. तो घेऊन आल्या आहेत या शाळेच्या एक माजी विद्यार्थिनी. निवृत्त परिचारिका. त्यांनी आणि त्यांच्या दोन भावांनी मिळून आईच्या नावानं शाळेला देणगी दिली आहे.

आई याच शाळेत शिपाई होती. सव्वीस वर्षं. जुन्या व्हरांड्यात टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर लोखंडी कांबीनं ठोके द्यायचे, हे तिचं काम. मुलं तिला मावशी म्हणायची.

नाव त्या कुटुंबाचं आहे. म्हणून आपण त्याच्या जागी टिंबं ठेवू.

[दृश्य : टेबलावर वहीतला फाडलेला कागद. हाताने लिहिलेला मजकूर.]

निवेदन :
घरून आलेला मजकूर असा आहे.

"आमच्या परमपूज्य मातोश्री कै. गं. भा. .......... यांचे पावन स्मृतीप्रित्यर्थ त्यांच्या सुकन्या, सुपुत्र, स्नुषा, जावई व समस्त नातवंडे यांजकडून ज्ञानदानाच्या या पवित्र कार्यास खारीचा वाटा म्हणून ही वास्तू विद्यार्थ्यांच्या चरणी सविनय अर्पण."

यातला एकही शब्द खोट्या भावनेतून आलेला नाही. घरात सगळ्यांनी बसून, विचार करून लिहिलं आहे. देवळाच्या पायरीवर, धर्मशाळेच्या दारावर, पत्रिकेत जी भाषा आयुष्यभर वाचली, तीच कागदावर उतरली. पण हा मजकूर वाचून मावशी कोण होत्या, हे कळतं का? परमपूज्य कोणाचीही आई असते. पावन स्मृती कोणाचीही असते. घंटा मात्र याच बाईंनी वाजवली, आणि नेमकी तीच इथे नाही.

[दृश्य : नावपाट्यांचं दुकान. कारागीर पोलादी पट्टीनं माप घेतो आहे.]

निवेदन :
आधी जागेचा हिशोब करू. चार-पाच फुटांवरून सहज वाचता यायचं तर अक्षराची उंची साधारण अर्धा इंच हवी. देवनागरीत वर वेलांट्या, मात्रा, रफार असतात, खाली उकार असतात. त्यामुळे अर्ध्या इंचाच्या अक्षराला एका ओळीसाठी जवळजवळ एक इंच लागतो. आठ इंच उंचीच्या पाटीतून वरचा-खालचा एकेक इंच समास सोडला की उरतात सहा इंच. म्हणजे सहा ओळी.

घरचा मजकूर या सहा ओळींत बसवायचा तर अक्षर बारीक करावं लागेल. मग कारागीर सांगतात ती अडचण सुरू होते. बारीक कोरलेल्या अक्षरात काळा रंग भरला की 'भ' आणि 'म', 'ध' आणि 'घ' यांच्यातला फरक बुजतो. तो फरक म्हणजे वरची एक छोटीशी मोकळी जागा असते. ती भरली की भालचंद्रचा मालचंद्र होतो. आडनावात असं झालं, तर ती पाटी कुटुंबाला जन्मभर सलते.

[दृश्य : पुन्हा शाळा. मुख्याध्यापकांची खोली. संस्थेचे दोन सदस्य, मुख्याध्यापिका आणि मजकूर घेऊन आलेल्या माजी विद्यार्थिनी, म्हणजे ताई.]

निवेदन :
चर्चा सुरू होते ती नावाआधीच्या अक्षरांवरून. 'कै.' म्हणजे कैलासवासी. वारकरी घरात 'वै.' लिहितात, वैकुंठवासी. बौद्ध कुटुंबांत 'कालकथित' म्हणतात, मुस्लिम कुटुंबांत 'मरहूम'. ही भिंत पुढे भरत जाणार आहे आणि तिच्यावर गावातली सगळी घरं येणार आहेत. संस्थेसमोर दोन वाटा आहेत. प्रत्येक घराचा शब्द त्या घरावर सोडायचा, किंवा सगळ्यांसाठी 'दिवंगत' ठरवायचा. मला तिसरी वाट बरी वाटते. मजकुरात 'यांच्या स्मरणार्थ' आलं की माणूस हयात नाही हे कळतंच. मग नावाआधी काहीच नको.

'गं. भा.' बद्दल ताई स्वतःच बोलतात.

"घरी पत्रिकेवर लिहायची सवय, म्हणून लिहिलं गेलं. पण आईला वैधव्य होतं, हे शाळेच्या भिंतीनं कशाला सांगायचं?"

ती दोन अक्षरं गेली. आता उरलं फक्त नाव. आईचं स्वतःचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव.

[दृश्य : मुंबई. चर्चगेटजवळ विद्यापीठाच्या प्रवेशद्वारावरची अक्षरं.]

निवेदन :
आईच्या नावानं दिलेल्या देणगीचं एक मोठं उदाहरण आपल्याकडे आहे. महर्षी कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ सुरू केलं. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसींनी त्याला पंधरा लाखांची देणगी दिली आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचं नाव मिळालं : श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी. या नावात आई आहे, वडील आहेत, घराणं आहे. देणाऱ्या मुलाचं स्वतःचं नाव त्यात कुठेच नाही. देणारा मागे राहिला, म्हणून आई पुढे आली. रोजच्या बोलण्यात मात्र या लांब नावाचं एसएनडीटी झालं आणि नाथीबाई आद्याक्षरात गेल्या. नाव जितकं लांब, तितकं लोक ते आखूड करतात. पाटीवरही डोळा तसाच पुढे सरकतो.

[दृश्य : मुख्याध्यापकांची खोली. फळ्यावर खडूनं लिहिलेला मजकूर, काही शब्द खोडलेले.]

निवेदन :
दुसरा मुद्दा नाजूक आहे. "ही वास्तू अर्पण" असं कागदावर आहे. वास्तू तर संस्थेनं बांधली. या कुटुंबाच्या पैशातून वाचनकक्षातली टेबलं आणि कपाटं आली. मुख्याध्यापिका हे बोलायला अडखळतात. देणगीदाराला दुखवायचं कसं? पण न बोलण्यानं पुढे जास्त दुखतं. उद्या इमारतीच्या खर्चातला मोठा वाटा उचलणारं दुसरं कुटुंब हीच पाटी वाचणार आहे. ताई पटकन म्हणतात, "टेबलंच लिहा. मुलं टेबलावर बसून वाचतील, तेव्हा त्यांना समोर दिसेल ते." टेबलं, कपाटं, पंखे, पाण्याची टाकी असे शब्द पाटीवर हलके वाटतात, असं अनेकांना वाटतं. मला ते फार मोलाचे वाटतात. 'खारीचा वाटा' वाचून काय दिलं ते कळत नाही. 'टेबले व कपाटे' वाचून कळतं.

रक्कम लिहायची का? जुन्या दगडी पाट्यांवर ती असायची : रुपये १०१, रुपये ५०१. त्या काळी तेवढ्यात खरंच काहीतरी उभं राहायचं. आज त्या आकड्यासमोर उभं राहिलं की देणाऱ्याचं मोठेपण उलट झाकलं जातं. रक्कम पावतीवर आणि संस्थेच्या हिशोबात राहू दे. ज्यांना नाव नको असतं, त्यांचंही तसंच करता येतं. भिंतीवर 'एक माजी विद्यार्थी' एवढंच आणि पावती मात्र रीतसर नावानं.

[दृश्य : ताईंचा चेहरा. हातात खडू.]

निवेदन :
आता सगळ्यात जास्त वेळ लागला तो शब्द. आई शाळेत कोण होत्या, हे कसं लिहायचं?

संस्थेचे एक सदस्य म्हणाले, "शिपाई नको, ताई. बरं दिसत नाही. सेविका लिहू."

ताई थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "आईला शिपाई म्हणवून घ्यायची कधी लाज वाटली नाही, काका. सेविका म्हटलं तर तिला कळलंही नसतं, कोणाबद्दल बोलताय ते."

दोघांचंही चुकत नव्हतं. सदस्यांना त्या बाईंचा मान राखायचा होता. मार्ग निघाला तो हुद्दा बाजूला ठेवून, कामच लिहिण्यातून. हुद्द्याला पर्यायी शब्द शोधावे लागतात, कामाला लागत नाहीत. त्या घंटा वाजवायच्या.

मग शेवटची ओळ, देणाऱ्यांची. सुकन्या, सुपुत्र, स्नुषा, जावई ही यादी जाऊन फळ्यावर आलं : 'त्यांच्या मुलांकडून'. व्याकरणानं बरोबर आहे. पण ताईंनी ते दोनदा वाचलं आणि विचारलं, "यात मी आहे का?" आपण 'मुलं' म्हणतो तेव्हा मुलगे आणि मुली दोन्ही धरतो, पण कोरलेलं 'मुलांकडून' वाचणारा बहुतेक वेळा मुलगेच समजतो. इथे तर पुढाकार लेकीचा होता. 'अपत्यांकडून' हा शब्द अर्जातला वाटतो. मग मुख्याध्यापिकांनी सुचवलं : लेकरांकडून. त्या शब्दात तिघंही आले, आणि आईही आली.

[दृश्य : फळ्यावर पूर्ण मजकूर. कॅमेरा ओळीओळीनं सरकतो.]

या शाळेची घंटा २६ वर्षे वाजवणाऱ्या
..........
यांच्या स्मरणार्थ
वाचनकक्षातील टेबले व कपाटे
त्यांच्या लेकरांकडून
जून २०२५

निवेदन :
सहा ओळी. नाव धरून वीसएक शब्द. घरच्या कागदावरचं 'स्मृतीप्रित्यर्थ' यात नाही. तसंही त्या एका शब्दात दोन चुका होत्या. लिहायचंच असेल तर ते 'स्मृतिप्रीत्यर्थ' असं लिहावं लागतं. 'स्मरणार्थ' सोपा आहे आणि पाचवीतल्या मुलालाही वाचता येतो. जुन्या 'यांचे स्मरणार्थ' ऐवजी 'यांच्या स्मरणार्थ', कारण आज आपण तसंच बोलतो. बोलताना आपण 'वर्षं' म्हणतो, पण कोरताना 'वर्षे' ठेवलं. महिना अक्षरात लिहिला, म्हणजे कुठला आकडा दिवसाचा आणि कुठला महिन्याचा हा प्रश्न उरत नाही.

उद्घाटन कोणाच्या शुभहस्ते झालं, तेव्हा अध्यक्षस्थानी कोण होतं, ही नावं इमारतीच्या कोनशिलेवर जातील. या भिंतीवर ती नकोत, हे संस्थेनं ठरावातच लिहून घेतलं. ते फार बरं केलं.

[दृश्य : दुकानातला संगणक. पडद्यावर मजकूर. कारागीर एका अक्षरावर बोट ठेवतो.]

निवेदन :
मजकूर फोनवरून दुकानात गेला आणि तिथे उघडल्यावर 'वाजवणाऱ्या'चं 'वाजवणार्या' झालं. आपला तो आडवा अर्धा र सगळ्या फाँटमध्ये नीट उमटत नाही. मग त्याचा रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो. दुसरी तपासायची जागा म्हणजे 'स्मरणार्थ'चा रफार. जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये मजकूर बदलून घेताना तो गळतो, नाहीतर शेजारच्या अक्षरावर जातो. कोरल्यावर दुरुस्ती नाही, नवी पाटीच करावी लागते.

म्हणून कारागिरानं आधी खऱ्या मापाचा कागद छापून दिला. तो शाळेच्या भिंतीवर चिकटवला आणि दोन दिवस तसाच ठेवला. मजकूर लिहिताना जे तिथे नव्हते, अशा दोघांकडून तो मोठ्यानं वाचून घेतला. लिहिणाऱ्याला स्वतःची चूक दिसत नाही, कारण तो डोक्यातलं वाचतो. आडनावातला एक ह्रस्व उकार दीर्घ हवा होता, तो या कागदावर सापडला. ताईंनी आईच्या जुन्या सेवापुस्तकाशी ताडून पाहिला आणि कागदाच्या कोपऱ्यात सही केली. त्यानंतरच धातूवर काम सुरू झालं.

[दृश्य : पाटी भिंतीला लागते आहे. स्क्रू आवळले जातात.]

निवेदन :
गवंडी पाटी सहा फुटांवर धरतो. नेहमीची उंची. मुख्याध्यापिका त्याला खाली आणायला सांगतात, अजून खाली, साडेतीन-चार फुटांपर्यंत. मोठ्या माणसांना थोडं वाकावं लागेल. चालेल.

मधली सुट्टी होते. पाचवीतली एक मुलगी पाटीसमोर थांबते, बोट फिरवत वाचते. 'स्मरणार्थ'पाशी जरा थांबून पुढे जाते. मग ताईंकडे वळून विचारते, "कुठली घंटा?"

ताई तिला जुन्या व्हरांड्याकडे घेऊन जातात. रूळ अजून तिथेच टांगलेला आहे.

[आवाज : लोखंडावर एक ठोका.]