सळई गंजायला किती वर्षं लागतात?

समुद्रकाठच्या जुन्या बिल्डिंगमध्ये स्लॅबच्या पोटातून पोपडे पडायला लागले की लोक म्हणतात सिमेंट खराब वापरलं, कधी तेही खरं असतं, पण मी आधी टेप काढतो आणि तुटलेल्या जागी सळईच्या खाली काँक्रीट किती उरलंय ते मोजतो. हेच कव्हर.

ताजं काँक्रीट खूप अल्कलाइन असतं, पीएच 12.5 च्या वर, त्यामुळे सळईवर ऑक्साइडचा एक अगदी पातळ थर बसतो आणि तोच तिला गंजू देत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत शिरतो, चुन्याशी मिळतो, पीएच 9 च्या खाली येतो आणि तो थर टिकत नाही, याला कार्बोनेशन म्हणतात. काँक्रीट ताजं फोडून त्यावर फिनॉल्फ्थॅलीन मारा, चांगला भाग गुलाबी होतो, कार्बोनेट झालेला तसाच राखाडी राहतो.

आता हिशोब बघा. समजा 25 वर्षं जुन्या स्लॅबला 20 मिमी राखाडी पट्टा आलाय. ही खोली वर्षांच्या वर्गमुळाप्रमाणे वाढते, 25 चं वर्गमूळ 5, 20 भागिले 5 म्हणजे गुणांक 4. त्याच काँक्रीटमध्ये कव्हर 15 मिमी असेल तर सळईपर्यंत पोचायला साधारण 14 वर्षं आणि 30 मिमी असेल तर 56! कव्हर दुप्पट, वर्षं चौपट. आणि उलटंही, ओतताना कामगार जाळीवर चालले, सळई खाली बसली, 30 चं 15 झालं, की 42 वर्षं गेली, आणि वरून प्लास्टर कितीही जाड मारलं तरी ते कव्हरमध्ये धरत नाहीत.

अर्थात तिथपर्यंत पोचलं म्हणजे लगेच पोपडे पडत नाहीत, गंजायला ओल आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात, म्हणून गळक्या बाथरूमखालचा स्लॅब आधी जातो. गंज मूळ लोखंडापेक्षा दुप्पट ते सहापट जागा घेतो, सळईच्या रेषेत चीर पडते, मग तुकडा सुटतो.

समुद्राकाठी आणखी एक घात होतो, तो म्हणजे क्लोराइड. खारा वारा नाहीतर न धुतलेली खाडीची वाळू, यातून मीठ आत येतं आणि पीएच उत्तम असतानाही तो थर ठिकठिकाणी फोडतं. फिनॉल्फ्थॅलीन गुलाबीच दाखवतं आणि आत सळईला खोल खड्डे पडलेले असतात, त्यामुळे किनाऱ्यावर नुसत्या गुलाबी रंगावर विसंबू नका, वेगवेगळ्या खोलीवरून ड्रिलची भुकटी काढून क्लोराइड तपासून घ्या. बाहेरून येणारं मीठही साधारण याच वर्गमुळाच्या चालीनं आत सरकतं, म्हणून आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकात घरातल्या कोरड्या काँक्रीटला 20 मिमी कव्हर आहे तर किनाऱ्यावरच्या उघड्याला 45. पण मीठ वाळूतूनच आलं असेल तर ते पहिल्या दिवसापासून सळईला चिकटलेलंच असतं, तिथे कव्हर ते अडवू शकत नाही.

म्हणून ओतायच्या आधी स्वतः जाऊन बघा, सळईखाली मोजून घेतलेले कव्हर ब्लॉक आहेत का खडीचे तुकडे सरकवलेत.