सोळा आण्यांचा एकर : पंजाबच्या फाळणीचा जमिनीवरचा हिशेब

मित्रहो, फाळणीची गोष्ट आपण बहुधा नेत्यांच्या वाटाघाटींतून ऐकतो. आज मी ती एका शेतकरी कुटुंबाच्या सातबाऱ्यावरून, म्हणजे पंजाबच्या भाषेत जमाबंदीवरून, सांगणार आहे. कारण सामान्य घरांनी काय गमावले हे जमिनीच्या हिशेबात पुष्कळसे स्पष्ट दिसते, आणि तो हिशेब कुठे तोकडा पडतो हेही तिथेच कळते.

आधी घटनाक्रम पाहू. ब्रिटिश पंतप्रधान ॲटली यांनी फेब्रुवारी १९४७ मध्ये सत्तांतरासाठी जून १९४८ ही मुदत जाहीर केली होती. माउंटबॅटन यांनी ३ जूनला फाळणीची योजना मांडली आणि दुसऱ्याच दिवशी पत्रकार परिषदेत १५ ऑगस्ट ही तारीख सांगितली. वर्षभराचे काम अशा रीतीने दहा आठवड्यांवर आले. सीमा आखण्यासाठी नेमलेले सिरिल रॅडक्लिफ ८ जुलैला दिल्लीत पोहोचले. ते कायदेपंडित होते आणि हिंदुस्थानात त्यापूर्वी कधीही आले नव्हते. पंजाबच्या आयोगात दोन मुस्लिम व दोन बिगर-मुस्लिम न्यायाधीश होते. त्यांच्यात एकमत होणे शक्यच नव्हते, त्यामुळे निर्णय रॅडक्लिफ यांनी एकट्याने घेतला. हाताशी १९४१ ची जनगणना होती आणि सूचना अशी होती की, सलग असलेले बहुसंख्याकांचे प्रदेश ठरवावेत व ‘इतर बाबी’ही विचारात घ्याव्यात. या इतर बाबी कोणत्या, हे कोणीही लिहून दिले नव्हते.

निवाडा ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यातच तयार झाला होता, परंतु तो जाहीर झाला १७ ऑगस्टला. दोन नवे देश अस्तित्वात आले, त्या दिवशी त्यांच्यामधली रेषा कुठून जाते हे तिथल्या लोकांना ठाऊक नव्हते. गुरदासपूर जिल्ह्याचे उदाहरण पाहा. तिथे मुस्लिमांचे बहुमत अगदी निसटते होते आणि स्वातंत्र्याच्या कायद्याच्या परिशिष्टात हा जिल्हा तात्पुरता पश्चिम पंजाबमध्ये, म्हणजे पाकिस्तानात, दाखवला होता. निवाड्यात मात्र त्याच्या चार तहसिलींपैकी गुरदासपूर, बटाला आणि पठाणकोट भारतात आल्या व रावीपलीकडची शकरगढ तेवढी पाकिस्तानात गेली. ज्याने १४ ऑगस्टला आपण पाकिस्तानात आहोत म्हणून निर्धास्त राहायचे ठरवले, तो तीन दिवसांनी परदेशात होता. उलट ज्यांनी भीतीने गाव सोडले, त्यांच्यापैकी काहींचे गाव पुढे त्यांच्याच देशात राहिले. घोषणा लांबवण्याची किंमत ही अशी घरोघरी मोजली गेली.

हिंसा मार्चपासूनच सुरू होती. ऑगस्टपासून तिला आवर घालणे कोणालाही जमेना. बारा जिल्ह्यांसाठी उभारलेले पंजाब सीमा दल महिनाभरात, सप्टेंबरच्या आरंभी, विसर्जित करावे लागले. मग निघाले काफिले. लायलपूर आणि मॉन्टगोमेरी या कालव्याच्या पाण्यावर फुललेल्या जिल्ह्यांतून बैलगाड्यांच्या रांगा बल्लोकी व सुलेमानकी येथील बंधाऱ्यांवरून पूर्वेकडे सरकत होत्या. १८ सप्टेंबर ते २९ ऑक्टोबर या बेचाळीस दिवसांत साडेआठ लाखांच्या आसपास हिंदू व शीख अशा पायी काफिल्यांतून भारतात आले. त्याच रस्त्यांवरून तितक्याच हालअपेष्टा सोसत मुस्लिम कुटुंबे पश्चिमेकडे जात होती. त्याच दिवसांत पूर आले आणि नदीकाठच्या छावण्या बुडाल्या. गाडीवर काय चढवायचे, हा प्रश्न प्रत्येक घरापुढे होता. धान्य, बैलांचा चारा आणि म्हातारी माणसे एवढ्यानेच ती भरत असे. कागदपत्रे पुष्कळांनी घेतली नाहीत, कारण परत यायचे आहे असेच ते समजत होते. दोन्ही सरकारांनीही सप्टेंबरमध्ये मागे राहिलेल्या मालमत्तेसाठी कस्टोडियन नेमले. मालक परतेपर्यंत सांभाळणारा, असाच त्या शब्दाचा अर्थ होता.

परतणे होणार नाही हे उमगल्यावर खरा हिशेब सुरू झाला. पश्चिम पंजाबात हिंदू-शिखांनी सोडलेली जमीन सुमारे ६७ लाख एकर होती, तर पूर्व पंजाबात मुस्लिमांनी सोडलेली सुमारे ४७ लाख एकर. शिवाय तिकडची बरीचशी कालव्याची आणि इकडची बरीचशी कोरडवाहू. सुरुवातीला प्रत्येक शेतकरी कुटुंबाला, तिकडे किती जमीन होती ते न पाहता, तात्पुरती १० एकर देण्यात आली. रब्बीचा हंगाम साधायचा तर दुसरा मार्ग नव्हता. मार्च १९४८ पासून मालकीचे दावे मागवले गेले आणि महिनाभरात पाच लाखांहून अधिक अर्ज आले. पडताळणीची पद्धत मला फार शहाणपणाची वाटते. एकाच गावातून आलेल्या लोकांना एकत्र बसवून दावा मोठ्याने वाचला जाई. शेजाऱ्याचा बांध कुठवर होता हे शेजाऱ्याइतके कोणाला माहीत असणार? फुगवलेले आकडे तिथेच खाली येत. पुढे पाकिस्तानातून महसुली नोंदींच्या नकला आल्यावर त्यांच्याशीही ताळा घेतला गेला.

वेगवेगळ्या प्रतीची जमीन एका मापात आणण्यासाठी पुनर्वसन खात्याचे प्रमुख तरलोकसिंह यांनी ‘प्रमाण एकर’ वापरला. वर्षाला दहा-अकरा मण धान्य देणारा एकर तो सोळा आण्यांचा. निम्मे पीक देणारी जमीन आठ आण्यांची, म्हणजे तिचे दोन एकर मिळून एक प्रमाण एकर. या मापाने सोडलेली जमीन ३९ लाखांच्या वर भरली आणि उपलब्ध होती साडेचोवीस लाखांच्या आत. ही तूट सर्वांवर सारखी न वाटता चढत्या कपातीने वाटण्यात आली. पहिल्या १० एकरांवर २५ टक्के, त्यापुढे ३० एकरांपर्यंत ३० टक्के, असे चढत ५०० एकरांवरील भागावर ९५ टक्के.

समजा, एका कुटुंबाचे लायलपूरकडे २० प्रमाण एकर होते. पहिल्या दहातून साडेसात उरले, पुढच्या दहातून सात. एकूण साडेचौदा. वाट्याला आठ आण्यांची जमीन आली, तर मोजणीत ती २९ एकर भरते, म्हणजे कागदावर पूर्वीपेक्षा जास्तच दिसू शकते. पण पाटाचे पाणी ठरलेल्या वारी येई तिथे आता आभाळाकडे पाहायचे, आणि २९ एकर नांगरायला बैलजोडी एकच, तीही वाटेत मेली नसेल तर.

नोव्हेंबर १९४९ पर्यंत अडीच लाखांच्या आसपास वाटप पूर्ण झाले. प्रशासनाच्या दृष्टीने हे काम मोठेच होते, त्याबद्दल दुमत नको. परंतु हे माप मालकांसाठी होते. जो तिकडे कुळ म्हणून किंवा सालदार म्हणून राबत होता, त्याच्या नावावर सोडलेले काहीच नव्हते, त्यामुळे मालकीच्या वाटपात मिळायचेही काही नव्हते. पळवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी दोन्ही देशांनी डिसेंबर १९४७ मध्ये समझोता केला आणि भारताने १९४९ मध्ये कायदा केला. त्यात १ मार्च १९४७ पासून पळवल्या गेलेल्या स्त्रिया धरल्या होत्या. अशा स्त्रीने कुठे राहायचे हे ठरवताना तिच्या स्वतःच्या इच्छेला कायद्याने वजन दिले नव्हते. नव्या घरात मूल झालेल्या बाईलाही परत पाठवता येत असे.

वाटपाचा एक नियम असा होता की, कालव्यांच्या वसाहतीत गेलेल्यांना त्यांच्या मूळ जिल्ह्यात जमीन द्यावी. चिनाबचा कालवा १८९२ मध्ये सुरू झाला, तेव्हा जालंधर-होशियारपूरकडची माणसे ओसाड रानात वस्ती करायला गेली होती. त्यांची नातवंडे आता आजोबांनी सोडलेल्या जिल्ह्यात परतली. मागे राहिलेल्या भाऊबंदांनी मधल्या पंचावन्न वर्षांत घरे आणि बांध आपापसात वाटून घेतले होते. नव्याने आलेल्यांना जी घरे मिळाली, ती त्याच गावातून निघून गेलेल्या मुस्लिम कुटुंबांची होती.