नकाशा मंजूर झाला, पुढची फी कुठे आहे?

नमस्कार श्रोतेहो. बारावीनंतर आर्किटेक्चरला जायचं म्हणणारी मुलं लातूर, परभणी, बीडमधून आता बरीच भेटतात. त्यांच्या आईवडिलांचा पहिला प्रश्न असतो, कमाई कधी सुरू होते? त्याचंच उत्तर आज देतो.

प्रवेशासाठी नाटा किंवा जेईईचा दुसरा पेपर, मग पाच वर्षांचं बी.आर्क. त्यातच एखाद्या कार्यालयातलं प्रत्यक्ष प्रशिक्षण. पदवीनंतर दिल्लीच्या वास्तुकला परिषदेकडे नोंदणी करावी लागते. १९७२ च्या कायद्याप्रमाणे ती होईपर्यंत नावापुढे ‘आर्किटेक्ट’ लावता येत नाही. नंतरची काही वर्षं बहुतेक जण दुसऱ्याच्या ऑफिसात तुटपुंज्या पगारावर काढतात. त्यात काही गैर नाही, काम तिथेच कळतं.

खरी अडचण स्वतःचं ऑफिस थाटल्यावर येते, कारण फी टप्प्याटप्प्याने मिळते. समजा, लातूरला एक घर आहे आणि फी ठरली १ लाख २० हजार. परिषदेच्या टप्प्यांनुसार कच्च्या आराखड्याला १० टक्के, म्हणजे १२ हजार. परवानगीचे नकाशे तयार होईपर्यंत एकूण ३० टक्के, आणि नगरपालिका किंवा महापालिकेची मंजुरी हाती आली की एकूण ३५ टक्के. म्हणजे ४२ हजार. उरलेले ७८ हजार बांधकामाचे नकाशे, निविदा आणि साइटवरच्या देखरेखीचे. ते घर उभं राहील तसतसे मिळणार, त्याला वर्ष सहज लागतं.

आपल्याकडे मालक बहुधा मंजुरीपाशीच थांबतो. “साहेब, नकाशा पास झाला, आता मिस्त्री बघून घेईल.” लहान घरांचे नकाशे परवानाधारक इंजिनीअरही करून देतात, त्यामुळे मालकाला ते कागदाचंच काम वाटतं. पण आपली जमीन काळी. पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. पाया किती खोल न्यायचा, काळी माती काढून काय भरायचं, प्लिंथ बीम कसा बांधायचा, हे मंजुरीच्या नकाशात नसतंच. ते पुढच्या नकाशांत असतं, स्ट्रक्चरल इंजिनीअरच्या मदतीने. ते टाळलं की दोन-तीन पावसाळ्यांत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते. मालकाचं नुकसान होतं आणि तरुण आर्किटेक्टची दोनतृतीयांश फी जाते.

म्हणून माझं सांगणं असं, की पहिल्याच घराला लेखी करार करा. परवानगी आणि बांधकाम यांची फी वेगवेगळी लिहा, साइटवर किती वेळा येणार तेही लिहा. आणि एकाच घराच्या भरवशावर महिना काढू नका. एक आराखड्यात, एक मंजुरीत, एक स्लॅबवर, अशी तीन-चार कामं हातात यायला वर्षं लागतात. तोवर नोकरी सोडू नका.

ज्यांना दर महिन्याला पगार हवा, त्यांनी नगररचनेतलं दोन वर्षांचं पदव्युत्तर शिक्षण आणि राज्य लोकसेवा आयोगाकडून भरली जाणारी सहायक नगररचनाकाराची पदं बघावीत. तिथे जाहिरातीची वाट पाहावी लागते, पण पगाराची तारीख ठरलेली असते.