तक्रार अंशतः सिद्ध झाल्याचे मॅनेजरला कळवताना

उपस्थित एचआर अधिकाऱ्यांनो, मला आज बोलायचे आहे ते एकाच पत्राविषयी. एखाद्या मॅनेजरविरुद्ध हाताखालच्या माणसाने अरेरावीची, मानसिक छळाची तक्रार केली, चौकशी झाली, काही आरोप टिकले आणि काही टिकले नाहीत, तर त्या मॅनेजरला हे लेखी कसे कळवायचे? आयोजकांनी पत्रिकेत ‘सुधारणेची पावले’ असा विषय छापला आहे आणि त्याकडे मी येणारच आहे; परंतु ती पावले ज्या पायावर उभी राहतात तो पाया बहुतेक पत्रांत कच्चा असतो, म्हणून आधी त्याविषयी.

लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी २०१३चा कायदा आहे, त्यात अंतर्गत समिती आहे, चौकशीला ९० दिवसांची मुदत आहे. सर्वसाधारण दमदाटीसाठी मात्र खासगी कंपन्यांना लागू असा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. अशी तक्रार कंपनीच्या आचारसंहितेखाली चालते आणि म्हणून पत्राचा मसुदाही ज्याच्या त्याच्या मर्जीवर राहतो. परिणामी जे पत्र जाते ते साधारण असे असते: ‘आपल्याविरुद्धच्या तक्रारीची चौकशी पूर्ण झाली असून ती अंशतः सिद्ध झाली आहे. यापुढे आपले वर्तन कंपनीच्या मूल्यांना अनुसरून असावे.’ खाली सही, शिक्का, विषय संपला.

माझी तक्रार या दोन वाक्यांविरुद्ध आहे आणि ती मी सविस्तर मांडणार आहे. एक उदाहरण घेऊ. ते समजावण्यासाठी मी रचलेले आहे. एका कारखान्यातल्या डिस्पॅच विभागाच्या मॅनेजरविरुद्ध त्यांच्या सहायकाने पाच आरोप केले. सोमवारच्या बैठकीत सर्वांसमोर ओरडून अपमान केला. रात्री अकरानंतर व्हॉट्सअ‍ॅपवर धमकीवजा संदेश पाठवले. मार्चमधली रजा आकसाने नाकारली. अप्रेझलमध्ये रेटिंग मुद्दाम खाली आणले. आणि ग्राहकांच्या भेटींतून जाणूनबुजून वगळले.

चौकशीत पहिल्या आरोपाला बैठकीतल्या तिघांनी स्वतंत्रपणे दुजोरा दिला. दुसऱ्याचे संदेश वेळेसह समोर आले. रजेच्या बाबतीत नोंदवही पाहिली तेव्हा वर्षअखेरीच्या त्याच आठवड्यात विभागातल्या इतर चौघांचीही रजा नाकारलेली आढळली; म्हणजे आकसाचा आरोप खोटा ठरला नाही, पण सिद्धही झाला नाही. रेटिंग एकट्या मॅनेजरने दिलेले नव्हते, ते वरच्या समितीने ठरवले होते. ग्राहकभेटींविषयी कोणतीच नोंद नव्हती आणि दोघांचे म्हणणे परस्परविरुद्ध होते.

आता या मॅनेजरच्या हाती ते दोन वाक्यांचे पत्र पडले तर काय होईल? बहुधा तो स्वतःशी म्हणेल की रजेचे आणि रेटिंगचे खोटे ठरले, म्हणजे बाकीचेही बनावच असणार. तक्रारदार नेमके उलटे वाचेल. एकाच पत्राचे विभागात दोन अर्थ फिरू लागतात आणि पुढच्या सोमवारच्या बैठकीत कोणालाच कळत नाही की आता नेमके काय बदलायला हवे. म्हणून प्रत्येक आरोपावर स्वतंत्र निष्कर्ष आणि त्याचे एका-दोन वाक्यांत कारण पत्रात असलेच पाहिजे. ‘आरोप १: सिद्ध. बैठकीत आपण मोठ्या आवाजात, इतरांदेखत, “तुला कामावर ठेवणं हीच चूक झाली” असे म्हणालात, याला उपस्थितांपैकी तिघांनी दुजोरा दिला आहे.’ ‘आरोप ३: सिद्ध नाही. त्याच कालावधीत इतरांची रजाही त्याच कारणाने नाकारली गेल्याचे नोंदींवरून दिसते.’ ‘आरोप ५: पुराव्याअभावी निष्कर्ष काढता आला नाही.’ पाचव्याला ‘फेटाळला’ असे लिहू नका, कारण चौकशी समितीने तो फेटाळलेला नाही.

यात दोन गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. पहिली, पत्र कृतीविषयी बोलते, माणसाच्या स्वभावाविषयी नाही. ‘आपण उद्धट आहात’ या वाक्यावर वाद होतो. ‘आपण हे शब्द उच्चारलेत’ यावर फक्त उत्तर देता येते. दुसरी, साक्षीदारांची नावे आणि जबाब पत्रात येऊ नयेत. तीन माणसांच्या छोट्या विभागात ‘एका महिला सहकाऱ्याने सांगितले’ एवढेही नाव सांगण्यासारखेच आहे.

इथे एक महत्त्वाची गोष्ट सांगून जातो. प्रकरण शिक्षेकडे जाणार असेल तर सुधारणेचे पत्र आणि शिस्तभंगाची कारवाई यांची सरमिसळ करू नये. चौकशी अधिकाऱ्याच्या अहवालाची प्रत संबंधित कर्मचाऱ्याला देऊन, त्यावर त्याचे म्हणणे ऐकल्यानंतरच शिक्षेचा निर्णय घ्यावा, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली करुणाकर प्रकरणात स्पष्ट केले आणि ते खासगी आस्थापनांनाही लागू केले. पगारवाढ रोखणे, पदावनती असे काही ‘सुधारणा’ या शीर्षकाखाली पत्रात घुसडले की ते पत्रच उद्या आव्हानाचे कारण होते.

अध्यक्षांनी वेळेची चिठ्ठी पाठवली आहे, तेव्हा पावले थोडक्यात सांगतो.

प्रत्येक पाऊल कोणत्या तरी सिद्ध आरोपाला बांधलेले असावे. आपल्या उदाहरणात सिद्ध आरोप दोनच आहेत, म्हणून पावलेही त्यांच्यापुरतीच. कामातल्या चुका यापुढे बैठकीत नव्हे, तर एकट्याला बोलावून सांगायच्या, आणि गंभीर चूक असेल तर त्याची दोन ओळींची लेखी नोंद ठेवायची. रात्री आठ ते सकाळी आठ, गाडी अडकल्यासारखी तातडी वगळता, कामाचे संदेश पाठवायचे नाहीत. संवादकौशल्याचे प्रशिक्षण द्यायचे तर कोणाकडे, किती सत्रे आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे लिहा. ‘संवेदनशीलता वाढवावी’ ही सूचना कोणालाच तपासता येत नाही. पुढचे एक वर्ष या सहायकाचे अप्रेझल मॅनेजरच्या वरिष्ठाने करावे. ३० आणि ९० दिवसांनी आढावा कोण घेणार तेही नावानिशी लिहा, आणि त्या आढाव्यात तक्रारदाराला वेगळे विचारा.

तक्रारदाराची बदली हे पाऊल टाळा. त्याने स्वतः लेखी मागितली असेल तरच करा. माफी सक्तीने लिहून घेऊ नका, तसा कागद दोघांनाही अपमानास्पद असतो. सूडबुद्धीने वागल्यास ती स्वतंत्र गैरवर्तणूक मानली जाईल, हे वाक्य मात्र प्रत्येक पत्रात ठेवा. त्यात कामाचा भार अचानक वाढवणे आणि बोलणे टाकणे यांचाही स्पष्ट उल्लेख करा. अपील कोणाकडे आणि किती दिवसांत, तसेच हे पत्र पर्सनल फाइलमध्ये किती काळ राहील, हे शेवटी लिहा.

पत्र शुक्रवारी संध्याकाळी ईमेलने पाठवून मोकळे होऊ नका. समोर बसवून वाचायला द्या, प्रश्न विचारू द्या आणि पोच घ्या. पोच म्हणजे पत्र मिळाल्याची सही, मान्य असल्याची नव्हे, हे तिथेच सांगा. त्याच दिवशी तक्रारदारालाही कळवा: पाचही निष्कर्ष तेच आणि त्याच शब्दांत, पण मॅनेजरच्या प्रशिक्षणाचे तपशील वगळून. संदेशांची वेळ आणि अप्रेझल कोण करणार, या त्याच्याशी थेट संबंध असलेल्या दोन गोष्टी त्याला सांगाव्याच लागतात, कारण त्या मोडल्या गेल्या तर पहिल्यांदा त्यालाच कळणार आहे.