पाऊणकीचा वर्ग

(दृश्य: तिन्हीसांज. खाडीच्या मुखाशी वाळूचा दांडा, बाहेर नांगरून उभ्या असलेल्या होड्या. दूरवर सुवर्णदुर्गाची तटबंदी.)

दापोली तालुक्यात, हर्णै बंदराच्या आसपास, खाडीच्या काठाने वसलेल्या एका वाडीची ही गोष्ट आहे. शिक्षक-प्रशिक्षणाच्या अभ्यासक्रमासाठी चित्रफीत म्हणून ती रचलेली असल्यामुळे वाडीला आणि माणसांना नावे दिलेली नाहीत. भरती-ओहोटी आणि तिच्यामागचे गणित मात्र जसे आहे तसेच घेतले आहे. ज्या होड्या आपल्याला दिसत आहेत, त्या पाण्याची वाट पाहत थांबल्या आहेत. मुखाशी साचलेल्या वाळूवरून भरलेली होडी ओहोटीला आत येऊ शकत नाही. पूर्ण भरतीच्या आधीचा दीड तास आणि नंतरचा दीड तास, एवढीच तिची वाट उघडी असते, आणि त्या तीन तासांत वाडीतल्या चौदा ते सतरा वर्षांच्या मुलांचे हात मासळी उतरवायला, बर्फ वाहायला आणि टोपल्या धुवायला लागलेले असतात.

(दृश्य: शाळेची खोली, एकच दिवा, भिंतीवर दिनदर्शिका.)

जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या बाईंनी रात्रवर्ग सुरू केला तेव्हा वेळ ठरवली ती आठ ते साडेनऊ, कारण त्या वेळेपर्यंत सगळे मोकळे होतात असा त्यांचा समज होता. पहिल्या आठवड्यात अकरा मुले आली. त्यानंतर एका रात्री चार आली, दुसऱ्या रात्री दोन, तिसऱ्या रात्री एकही नाही, आणि चार-पाच दिवसांनी, कोणी बोलावलेले नसताना, पुन्हा अकराच्या अकरा हजर झाली. त्या रिकाम्या रात्रींचे चित्रण आमच्याकडे नाही. आमच्याकडे आहे तो बाईंचा हजेरीपट, आणि आमच्या मते या संपूर्ण चित्रफितीत तोच सर्वांत नीट पाहण्यासारखा आहे.

(दृश्य: हजेरीपटाचे पान, जवळून. शाईचे ठिपके, मधेच पांढरी पट्टी.)

गैरहजेरी दिसली की शिक्षकाच्या तोंडी पहिला शब्द येतो तो ‘गोडी नाही’ हा. बाईंच्याही तोंडी तोच आला होता. परंतु गोडी नसलेली मुले एकेक करून गळतात. ती ठरावीक दिवशी एकदम जात नाहीत आणि ठरावीक दिवशी एकदम परतही येत नाहीत. दुसरा पंधरवडा संपला तेव्हा बाईंनी दोन्ही पंधरवड्यांची पाने शेजारी ठेवली. इंग्रजी तारखांनी पाहिले तर रिकाम्या जागा कुठेही पडलेल्या दिसत होत्या. वारांनी पाहिले तरीही काही जुळत नव्हते. मासळी निवडायला बसणाऱ्या एका आजींनी ते कोडे एका वाक्यात सोडवले: “बाई, दशमी लागली की पोरं संध्याकाळची खाडीवर असतात, ती तेरसेपर्यंत.” बाईंनी दिनदर्शिकेवरच्या तिथी हजेरीपटावर पेन्सिलीने लिहून काढल्या, आणि दोन्ही पानांवरची पांढरी पट्टी दशमी ते त्रयोदशी या चार तिथींवर येऊन बसली.

(दृश्य: फळा. मुलांच्या हाती खडू.)

आजींनी जे सांगितले त्याला किनाऱ्यावर एक जुना आडाखा आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. शुद्ध पक्ष असो वा वद्य, आडाखा तोच. चतुर्थीला चार पाऊण तीन, म्हणजे भरती तीनच्या सुमारास, दुपारी एकदा आणि पहाटे एकदा. दशमीला दहा पाऊण साडेसात. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीच्या वेळी चालत जाणारे लोकही याच हिशेबाने निघतात.

आता मुलांकडे पाहा. ही मुले पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड हे शब्द दिवसभर बोलतात; दीड टोपलीचे पैसे किती, हे त्यांना कोणी शिकवलेले नाही. बाईंनी फळ्यावर तीन छेद चार लिहून विचारले तेव्हा मात्र अकरापैकी नऊ जण गप्प राहिले, आणि उरलेल्या दोघांपैकी एकाने ‘चौतीस’ असे उत्तर दिले. हा प्रसंग आम्ही अभ्यासक्रमात मुद्दाम ठेवला आहे. ज्याला पाऊण कळते त्याला अपूर्णांक कळतो. अडचण फक्त खुणेची आहे. ‘अपूर्णांक कच्चा’ असा शेरा मारून चौथीचे पुस्तक काढणारा शिक्षक त्याला येत असलेलेच पुन्हा शिकवत बसतो, आणि आपल्याला येते तेच शिकवले जात आहे, हे सोळा वर्षांच्या मुलाला चांगले समजते.

बाईंनी पुस्तक काढले नाही. जुन्या मराठी शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी असे अपूर्णांकांचे पाढे पाठ करून घेत असत. त्यांपैकी पाऊणकी त्यांनी फळ्यावर घेतली: एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन. प्रत्येक ओळीसमोर तिथीचे नाव लिहिले, त्यापुढे भरतीची वेळ, आणि त्यापुढे तीच वेळ छेदाच्या खुणेने. मुलांना पहिले तीन रकाने तोंडपाठच होते. चौथा वाचायला शिकण्यास तीन रात्री पुरल्या.

(दृश्य: एक मुलगा फळ्यासमोर. त्याचे बोट शेवटच्या ओळीवर.)

गोष्टीतला खरा धडा चौथ्या रात्री झाला, आणि तो बाईंनी योजलेला नव्हता. तक्ता पंधराव्या ओळीपर्यंत गेला होता. पौर्णिमेला पंधरा पाऊण सव्वाअकरा. त्याखाली पुन्हा प्रतिपदा, एक पाऊण पाऊण, म्हणजे पाऊण वाजता. डिझेलचे डबे वाहणाऱ्या एका मुलाने विचारले, “बाई, पाणी रोज पाऊण तासानं पुढं जातं, मग पुनवेच्या दुसऱ्या दिवशी दीड तासानं कसं गेलं?” आणि लगेच स्वतःच म्हणाला, “तसं जात नाही. पुनवेला पाणी बाराला भरतं, मी बघितलंय.”

बाईंनी उत्तर दिले नाही. त्यांनी एवढेच विचारले की भरती एका पौर्णिमेच्या बारापासून अमावास्येच्या बारापर्यंत पोहोचते, तर पंधरा तिथींत ती किती सरकली. बारा तास, म्हणजे ७२० मिनिटे. मग एका तिथीला किती? भागाकाराची मांडणी निम्म्या वर्गाला येत नव्हती. त्या डबेवाल्या मुलाने तोंडी फोड केली: पंधरा चाळीस सहाशे, उरले एकशेवीस, पंधरा आठे एकशेवीस, म्हणून अठ्ठेचाळीस. आडाखा ४५ मिनिटे धरतो. रोज तीन मिनिटे सुटतात, आणि पंधरा तिथींत सुटलेली ती मिनिटे बरोबर ४५ होतात. तक्त्यात पौर्णिमेला जो पाऊण तास कमी पडत होता, तो हा.

अठ्ठेचाळीस हा आकडा वर्गात निघाला असला तरी तो चंद्राचा आहे. चंद्राची एक फेरी तीस तिथींची. तेवढ्यात त्याची डोक्यावर येण्याची वेळ पूर्ण चोवीस तास पुढे सरकते, आणि १४४० मिनिटांना तिसाने भागले की पुन्हा अठ्ठेचाळीसच येतात. जुन्या लोकांना हे ठाऊक नव्हते असे समजण्याचे कारण नाही. पाऊणकी तोंडी म्हणता येते, अठ्ठेचाळिसाचा पाढा होडीत बसून म्हणता येत नाही.

(दृश्य: खाडीच्या कडेला रोवलेला बांबू, त्यावर चुन्याचे पट्टे. पाणी हळूहळू चढते आहे.)

पुढच्या पंधरवड्यात मुलांनी बांबू रोवला आणि पाणी चढायचे थांबले ती वेळ रोज टिपून ठेवली. टिपलेल्या वेळा पाऊणकीशी जुळल्या नाहीत आणि अठ्ठेचाळिसाशीही तंतोतंत जुळल्या नाहीत. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास, उधाणाच्या दिवसांत, भरती आदल्या दिवसापेक्षा अर्ध्या-पाऊण तासानेच पुढे जाते, तर अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत, तासाहूनही अधिक. अठ्ठेचाळीस ही त्यांची सरासरी आहे. त्याशिवाय तिथीचा क्षय होतो, तिथीची वृद्धी होते, आणि वारा किनाऱ्याकडे जोराचा असला तर पाणी अपेक्षेहून वर येते. म्हणून आडाख्याला अर्ध्या तासाची सैल जागा ठेवावी लागते. तो या किनाऱ्याचा आडाखा आहे, हेही प्रशिक्षणार्थींनी लक्षात ठेवावे. दुसऱ्या किनाऱ्यावरच्या शाळेत तो उचलून नेला तर तिथल्या मुलांकडून आधी तपासून घ्यावा लागेल.

(दृश्य: दारावर चिकटवलेले नवे वेळापत्रक.)

वेळापत्रक मग मुलांनीच केले. पूर्ण भरतीच्या दीड तास आधी वर्ग सुटलेला असला पाहिजे, एवढी एकच अट होती. दशमीला भरती साडेसातला, म्हणून वर्ग पाच ते सहा. एकादशीला पावणेसहा ते पावणेसात, द्वादशीला साडेसहा ते साडेसात, त्रयोदशीला सव्वासात ते सव्वाआठ. इतर तिथींना पूर्वीप्रमाणे आठ ते साडेनऊ; फक्त नवमीला मुले थोडी उशिरा येतात आणि चतुर्दशीला थोडी लवकर निघतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, त्यामुळे तेव्हा वर्ग रोज भरतो. बाईंना त्या चार दिवशी शाळा सुटल्यावर घरी जाता येत नाही, आणि या वर्गाचे त्यांना मानधनही नाही.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. नोकरीवर ठेवलेल्या चौदा ते अठरा वर्षांच्या मुलांना संध्याकाळी सात ते सकाळी आठ या वेळेत काम देता येत नाही, असे १९८६ चा बालकामगार कायदा, २०१६ च्या दुरुस्तीनंतर, सांगतो. बाईंनी भरतीशी जुळवून घेतले. कायद्याचा प्रश्न त्यांनी ग्रामसभेत एकदा काढला आणि त्याचे पुढे काही झाले नाही. दोन मुलांनी दहावीसाठी सतरा नंबरचा फॉर्म भरला, तिघे वर्ग सोडून मुंबईला गेले.

(दृश्य: पाच वाजलेले, खोलीत ऊन. मागच्या बाकावर दोन मुली.)

मुलींविषयी आमच्याकडे फार थोडे चित्रण आहे. कोळंबी सोलणाऱ्या मुली रात्रवर्गाला येत नाहीत हे बाईंनी गृहीत धरले होते, आणि ‘रात्र’ या शब्दामुळे ते कोणाला खटकलेही नाही. नव्या वेळापत्रकाच्या पहिल्या दशमीला, उजेड असताना, दोन मुली आल्या. एकादशीलाही आल्या. चतुर्दशीला वर्ग पुन्हा आठला भरला आणि त्या दिसल्या नाहीत. बाईंनी हजेरीपटाच्या शेवटी दोन नवी नावे लिहिली आणि त्यांच्यापुढे तारखांऐवजी तिथी टाकल्या. त्यांपैकी एकीने फळ्यावरचा तक्ता वहीत उतरवून घेताना विचारले की पाचचा वर्ग महिन्यात आणखी कोणत्या तिथींना ठेवता येईल. बाई तिच्याशेजारी बसल्या, आणि दोघींनी दिनदर्शिका उघडली.

(दृश्य: दिनदर्शिकेचे पान, त्यावर पेन्सिलीची खूण. बाहेर होडीचे इंजिन सुरू झाल्याचा आवाज.)