उदाहरण कामाचं की मिरवणुकीतलं?

नमस्कार श्रोतेहो. स्पर्धा परीक्षेच्या निबंधाचा एक ठरलेला विषय घेऊ: सामाईक साधनसंपत्ती कुणाच्या ताब्यात असावी? गॅरेट हार्डिन यांनी 1968 मध्ये मांडलं की सर्वांच्या मालकीचं कुरण शेवटी उजाड होतं, म्हणून एकतर खाजगी मालकी हवी किंवा सरकारी अंकुश. एलिनॉर ऑस्ट्रम यांनी तिसरी वाट दाखवली: वापरणारे लोक आपले नियम आपण करतात आणि पाळतातही. त्यांना 2009 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. इथवर बहुतेक निबंध ठीक असतात. मग परिच्छेदाच्या शेवटी हे वाक्य येतं:

"महाराष्ट्रातही हिवरे बाजार, राळेगणसिद्धी, पाणी पंचायत अशी अनेक उदाहरणे आहेत, जिथे लोकांनी एकजुटीने पाणीप्रश्न सोडवला."

हातात पेन्सिल घ्या आणि हे वाक्य खोडा. परिच्छेद पुन्हा वाचा. काही अडलं? नाही. आता वाक्य परत ठेवा, पण महाराष्ट्राच्या जागी राजस्थान आणि या नावांच्या जागी तिथली कुठलीही दोन गावं घाला. तरीही वाक्य तितकंच खरं वाटतं. म्हणजे त्या नावांनी युक्तिवादाला हातच लावलेला नाही. परीक्षकाला एवढंच कळलं की लेखकाला तीन नावं ठाऊक आहेत.

आता यांतलं एकच उदाहरण ठेवू, पाणी पंचायत. 1972 च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी हे काम उभं केलं. इथे पाणी जमिनीच्या एकरांवर वाटलं जात नव्हतं, घरातल्या माणसांवर वाटलं जात होतं. माणशी अर्ध्या एकराला पुरेल इतकं, आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचं. भूमिहीनालाही वाटा होता. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नसे. आणि ऊस लावायला बंदी.

हे तपशील आले की निबंधाचं म्हणणंच बदलतं. "लोकांनी एकजूट केली" हे वाक्य गळून पडतं, कारण एकजूट हे कारण नाही. नेमकी गोष्ट अशी की पाण्याचा हक्क जमिनीच्या मालकीपासून सोडवला गेला. हार्डिन यांच्या दोन पर्यायांपैकी एकातही हे बसत नाही. हक्क प्रत्येकाच्या नावावर आहे, पण त्याला तो जमिनीबरोबर विकता येत नाही. उदाहरण इथे सिद्धान्ताच्या नेमक्या सांध्यावर बसलं.

उसाच्या बंदीकडे थोडं थांबून बघा. "ऊस पाणी पितो" एवढं सगळेच लिहितात. पण ऊस शेतात महिनोन्महिने उभा असतो आणि बांधावरून जाणाऱ्या कुणालाही दिसतो. कुणी रात्री चोरून किती वेळ पंप चालवला हे शोधणं अवघड, ऊस लपवणं त्याहून अवघड. म्हणजे नियम असा निवडला की तो मोडला तर शेजाऱ्याला फुकटात कळावं. ऑस्ट्रम यांनी देखरेखीवर दिलेला भर इथे एका पिकाच्या नावात दिसतो. (असं वाक्य निबंधात एकच असलं तरी चालतं.)

उलटही घडतं. उदाहरण नीट पाहिलं की ते मत कापतं. "सरकारशिवाय गाव उभं राहू शकतं" या विधानाला हिवरे बाजार जोडलं, तर निबंध चुकीचा ठरतो. कारण तिथल्या कामात आदर्श गाव योजनेचा आणि रोजगार हमीचा पैसा होता. ऊस आणि शेतीसाठी बोअर यांवरची बंदी गावाची स्वतःची, हे खरं. पण बांधबंदिस्तीचा खर्च बराचसा सरकारी. म्हणून विधान असं बदलायला हवं: पैसा बाहेरून आला, नियम गावाने केले. पहिल्या विधानापेक्षा हे लहान आहे आणि टिकाऊ आहे.

आणखी एक खूण. गाजलेल्या गावांबरोबर न जमलेलं गाव कुठेच नसेल, तर वाचकाला शंका येते. पाणी पंचायतीच्या काही योजना पुढे टिकल्या नाहीत. हे एका वाक्यात सांगून "म्हणून नियम चुकीचा होता की पंप, वीज आणि देखभालीचा भार जड झाला?" असा प्रश्न लिहिला, तर तो परिच्छेद उजळणीतून आलेला वाटत नाही.

मोजमापाचं म्हणाल तर, हजार ते बाराशे शब्दांच्या निबंधात अशी दोन उदाहरणं पुरेत, प्रत्येकी शंभर-सव्वाशे शब्दांची. सात उदाहरणांना दीड-दीड ओळ दिली की नियम लिहायला जागाच उरत नाही, मग "अशी अनेक उदाहरणे" येतं. हे तीन शब्द दिसले की त्यांच्या आधीची नावं मोजा. एक ठेवा, बाकीची खोडा, आणि मोकळ्या झालेल्या दोन ओळींत त्या गावात कुणाला किती पाणी मिळायचं ते लिहा.