आईचं घर आवरताना

नमस्कार, श्रोतेहो. आई-वडिलांचं मोठं घर आवरून त्यांना लहान घरात आणायचं, हे काम सध्या अनेक घरांत चालू आहे. आमच्याकडे गेल्या वर्षी झालं. साताऱ्याचं पाच खोल्यांचं घर सोडून आई पुण्यात आली, एका खोलीत आणि स्वयंपाकघरात. वय अठ्ठ्याहत्तर.

माजघराच्या चार कोपऱ्यांत आम्ही खडूनं लिहिलं: ठेवायचं, द्यायचं, विकायचं, टाकायचं. आईला मधोमध खुर्चीवर बसवलं आणि एकेक वस्तू तिच्या हातात देत गेलो. क्रम लक्षात ठेवा. आधी कागद, मग कापड, मग भांडी, आणि फोटो सगळ्यात शेवटी. फोटो आधी काढलेत, तर दिवस तिथेच संपतो. कागद आधी, कारण ते भलत्याच ठिकाणी असतात. कपाटाच्या फळीवर अंथरलेल्या वर्तमानपत्राखाली आम्हाला मुदतठेवीची पावती मिळाली. म्हणून फळीवरचा कागद उचलल्याशिवाय कपाट रिकामं झालं असं म्हणू नका.

आता कापडाची गोष्ट. ती मला सांगायचीच आहे.

ट्रंकेच्या तळाशी माझ्या आजीचा नऊवारी शालू होता. घडीघडीवर विरलेला, जर काळी पडलेली. हात लावला की रेशीम फाटत होतं. वहिनी म्हणाली, "वन्सं, याचं आता काही होणार नाही." मीही तो टाकायच्या कोपऱ्यात ठेवला. आई काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी बोहारीण आली. जुन्या कपड्यांच्या ढिगावर ती एक पातेलं द्यायला तयार होती. कपडे चाळता चाळता तिचा हात शालूवर थांबला. काठातला एक धागा तिनं ओढून काढला आणि नखानं उलगडला. आत लाल रेशमाचा दोरा, त्यावर गुंडाळलेली चपटी, बारीक तार. मग काडेपेटी मागितली. धागा पेटवला, तसा केस जळल्यासारखा वास आला, रेशमाची राख झाली आणि तार तशीच उरली. ती म्हणाली, "ताई, प्लॅस्टिकची जर असती तर वितळून गोळी झाली असती. ही चांदीची हाय. मला देऊ नका, जरवाल्याकडं न्या."

काळी पडलेली जर खोटीच, असं मी धरून चालले होते. चांदी हवेनं काळी पडतेच. त्यामुळे काळेपणावरून ठरवू नका, धागा उलगडून पाहा. पुन्हा सांगते, धागा उलगडून पाहा.

शालू विकायच्या कोपऱ्यात गेला. पहिल्या दुकानदारानं नुसता हातात घेऊन दोन हजार सांगितले. दुसऱ्यानं काठ-पदर वेगळे धरून अंदाज घेतला, वजन केलं आणि साडेसहा हजार सांगितले. जाळून, आटवून चांदी काढतात, असंही त्यानं सांगितलं. मी घरी येऊन आईला आकडा सांगितला. आई म्हणाली, "जाळणार? अगं, सासूबाई हा नेसून माझी ओटी भरायला आल्या होत्या." म्हणजे शालू पुन्हा जागा बदलणार होता.

भांड्यांचं थोडक्यात सांगते. तांब्या-पितळेची भांडी मोडीत वजनावर जातात. बंबाची लोखंडी जाळी आणि कड्या आधी काढून घ्या, म्हणजे वजावटीवरून वाद होत नाही. काटा तुमच्यासमोर शून्यावर आहे ना, ते पाहा. आणि मोडीत घालण्याआधी प्रत्येक भांड्यावरचं नाव वाचा. पूर्वी भांड्यावर नाव आणि तारीख घालायचे. आता कोणी घालत नाही, भेट म्हणून पाकीट देतात, आणि मला ते अजिबात पटत नाही. पाकिटातले पैसे महिन्यात संपतात, पण आमच्या एका कळशीवर आत्याचं नाव आणि १९६१ साल आहे. ती कळशी आत्याच्या मुलीला दिली. नावाचं भांडं त्या नावाच्या घरी द्यायचं, एवढा एकच नियम आम्ही भांड्यांना लावला.

शालूचं रेशीम गेलेलं होतं, पण काठ शाबूत होते. शिंप्याकडून ते उसवून घेतले. उसवताना कात्री कापडाच्या बाजूनं चालवायला सांगा, बोटभर कापड काठाला राहू द्या, नाहीतर जरीचे धागे सुटतात. एक काठ नातीच्या परकराला लागला, दुसरा माझ्या भाचीच्या नव्या साडीला. पदर मात्र आईनं कोणाला दिला नाही. तो मलमलच्या कापडात गुंडाळून तिच्या पुण्याच्या कपाटात आहे, वरच्या फळीवर, आणि त्या फळीवर तिनं कागद अंथरू दिलेला नाही.